जरा मागे सरका!

माझं सगळं आयुष्य बारीक अक्षरांत गेलं. एका छापखान्यात मी तेहतीस वर्षं मुद्रितं तपासली. सुरुवातीला खिळे जुळवून छापत, तेव्हा गॅलीची ओली मुद्रितं नाकाला शाई लागेपर्यंत जवळ धरून वाचायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे बारीक अक्षरांशी माझं वैर असण्याचं खरं म्हणजे काही कारण नाही. लग्नपत्रिकेच्या तळाशी असलेली 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं'वाली ओळदेखील मी चष्म्याशिवाय वाचत असे. पण आज उतारवयात मी एका गोष्टीविरुद्ध लेखणी उचलली आहे. भिंतीवर टांगायच्या कागदावर पुस्तकातलं अक्षर छापणाऱ्या विद्वानांविरुद्ध! या मंडळींशी माझं भांडण आहे, आणि ते मी मिटवणार नाही.

भांडणाचं मूळ आमच्या भाच्यात आहे. हा मुलगा कोकणातल्या खार जमिनीतल्या भातावर संशोधन करतो. भरतीचं खारं पाणी बांध फोडून शेतात शिरलं की भाताच्या रोपाचं काय होतं, हा त्याचा विषय. तीन वर्षं तो चिखलात उभा होता. घरी आला की मामी त्याला आधी न्हाणीघरात पाठवी आणि मग चहा देई. तर या मुलाला एका परिषदेत पोस्टर लावायचं होतं. परिषद आमच्याच गावात भरणार होती, त्यामुळे तो आमच्याकडे उतरला आणि नळकांडं वाहून नेण्याचं काम माझ्याकडे आलं. गुंडाळलेलं पोस्टर प्लॅस्टिकच्या लांब नळकांड्यात घालून खांद्याला अडकवून मी रिक्षात बसलो, तेव्हा रिक्षावाल्याने आदराने विचारलं, "काका, बंदूक का?" मी म्हटलं, "नाही, शास्त्र आहे." तो म्हणाला, "मग सांभाळून धरा."

ज्यांना परिषदांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. सगळ्यांनाच व्यासपीठावर बोलायला वेळ मिळत नाही. उरलेल्यांना एकेक फळा देतात. त्यावर आपलं काम छापलेला कागद टाचायचा आणि शेजारी उभं राहायचं. लोक चहाचा कप घेऊन फिरतात, आवडेल तिथे थांबतात, वाचतात, विचारतात. कागदाचं नेहमीचं माप ए-झिरो. म्हणजे 841 मिलिमीटर रुंद, 1189 मिलिमीटर उंच. क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर. आपल्या नेहमीच्या ए-फोर कागदाच्या चौपट रुंद आणि चौपट उंच. हे 'चौपट' लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

भाच्याने कागद टाचला आणि मी कौतुकाने दोन पावलं मागे सरकून पाहिलं. मला दिसली ती एक सुंदर राखाडी भिंत. राखाडी अशासाठी, की पांढऱ्यावर काळं इतकं बारीक छापलं होतं की लांबून दोन्ही रंग एकमेकांत मिसळून गेले होते. वर शीर्षक, सगळं मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत, सत्तावीस शब्दांचं. त्यात 'प्राथमिक', 'तुलनात्मक' आणि 'अन्वेषण' हे तिन्ही शब्द होते. 'भात' हा शब्द एकविसावा होता. खाली एकवीसशे शब्दांचा मजकूर, टाइम्स न्यू रोमनमध्ये, सोळा पॉइंट.

"अरे, हे वाचणार कोण?" मी विचारलं.

"मामा, सर म्हणाले सगळं आलं पाहिजे."

आलं होतं! सगळं आलं होतं. फक्त वाचणारा येत नव्हता. दीड तास मी खुर्ची टाकून बसलो होतो आणि लोकांचे पाय बघत होतो. माणूस चालत येई, साधारण दोन मीटरवर थांबे, मान पुढे काढी, डोळे बारीक करी, आणि मग ज्याअर्थी आपल्याला दिसत नाही त्याअर्थी ते आपल्यासाठी नसावं, असा समंजस निष्कर्ष काढून पुढे जाई. त्यातच एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले. भाच्याने माझा दंड धरला आणि कुजबुजला, "मामा, हे खार जमिनीतल्या भाताचे मोठे जाणकार!" ते थांबले. चष्मा वर केला, खाली केला. हनुवटी उंचावून पाहिलं, मग मान खाली घालून पाहिलं. शेवटी भाच्याकडे बघून गोड हसले आणि शेजारच्या फळ्याकडे गेले. तिथे एका पोरीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आणि ते तिच्याशी वीस मिनिटं बोलत उभे राहिले. विषय होता माशांच्या खवल्यांचा.

त्या रात्री भाचा जेवला नाही. मामीने केलेली अळूची भाजी तशीच राहिली. आमच्या घरात अळू राहणं ही साधी घटना नव्हे. माझ्या भांडणाची सुरुवात तिथे झाली.

दुसऱ्या दिवशी मी चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तो तक्ता असतो ना, वर एक भलंमोठं अक्षर आणि खाली खाली लहान होत जाणाऱ्या ओळी? हा तक्ता हर्मन स्नेलेन नावाच्या डच नेत्रवैद्याने 1862 साली काढला. त्याचा हिशेब सरळ आहे. सहा मीटरवरून वाचायची शेवटची, म्हणजे सहा-सहाची ओळ सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंचीची असते. निरोगी डोळ्याला एवढं ओळखता आलं की पास. अंतर एक तृतीयांश केलं तर अक्षरही एक तृतीयांश पुरतं. म्हणजे दोन मीटरवर त्याच ओळीची उंची भरते 2.9 मिलिमीटर.

घरी आल्यावर मी फूटपट्टी घेऊन पोस्टरवरचं अक्षर मोजलं. सोळा पॉइंटच्या टाइम्समधलं साधं 'एक्स' हे अक्षर अडीच मिलिमीटरच होतं. म्हणजे आमच्या भाच्याने डॉक्टरांच्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीच्याही खालची ओळ छापली होती. जी वाचता येत नाही म्हणून कोणाला नापास करत नाहीत, अशी! आणि अशा एकवीसशे शब्दांचा ऐवज त्याने चहा पिणाऱ्या माणसांपुढे ठेवला होता.

आता कोणी म्हणेल, "मग तीन मिलिमीटर करा, झालं." नाही झालं. शेवटची ओळ ओळखता येणं वेगळं आणि वाचणं वेगळं. डॉक्टरांकडची शेवटची ओळ आपण कशी वाचतो ते आठवा: "ई... नाही, एफ... थांबा हं, पी." या वेगाने माणूस पाच अक्षरं वाचील, संशोधन वाचणार नाही. सहज, अडखळल्याशिवाय वाचायचं तर अक्षर त्या हद्दीच्या सुमारे अडीच पट हवं. म्हणजे दोन मीटरवर सात मिलिमीटर. सोपा पाढा असा: जितके मीटर, तितके साडेतीन मिलिमीटर. दोनला सात, तीनला साडेदहा, पाचला साडेसतरा. हा पाढा पोस्टर करणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर गोंदवावा, असं माझं मत आहे.

इथे मला माझ्या धंद्यातली एक गुप्त गोष्ट फोडली पाहिजे. संगणकात 'छत्तीस' असा आकडा निवडला की पोरांना वाटतं, अक्षर छत्तीस पॉइंट उंच झालं. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. छत्तीस पॉइंट म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. पण हे माप अक्षराचं नव्हेच! ते आमच्या शिशाच्या खिळ्याच्या ठोकळ्याचं माप. ठोकळ्यावर अक्षर असे, आणि त्याच्या वर-खाली काना-शेपटीसाठी सोडलेली जागाही असे. खिळे भंगारात गेले, पण माप तसंच राहिलं. फ्लॅट घेताना बिल्डर 'सुपर बिल्ट-अप' सांगतो आणि राहायला मिळतो कार्पेट एरिया, तसा हा प्रकार आहे. पॉइंट म्हणजे सुपर बिल्ट-अप. वाचणाऱ्याच्या डोळ्याला मिळतं ते लहान 'एक्स'ची उंची, म्हणजे कार्पेट.

आणि हा कार्पेट प्रत्येक टंकात वेगळा. एरियलमध्ये तो बावन्न टक्क्यांच्या आसपास आहे, टाइम्समध्ये पंचेचाळीसच्या. टाइम्स हा टंक 1932 साली लंडनच्या 'द टाइम्स' या वर्तमानपत्राने स्वतःसाठी करून घेतला. अरुंद रकान्यात जास्तीत जास्त शब्द कोंबावेत आणि हातभर अंतरावरून वाचता यावेत, हा त्याचा धर्म. तो धर्म तो अजून निष्ठेने पाळतो. बिचाऱ्याला भिंतीवर टांगलं तर दोष त्याचा नाही. छत्तीस पॉइंटच्या एरियलमध्ये जेवढं अक्षर दिसतं, तेवढं टाइम्समध्ये दिसायला बेचाळीस पॉइंट लागतात. म्हणून "कोणता फॉन्ट सुंदर?" हा वाद मी घालत नाही. माझं म्हणणं एवढंच, की फूटपट्टी लावा आणि अक्षर मोजा. आकडा वाचू नका.

या हिशेबाने दोन मीटरसाठी मजकूर एरियलमध्ये छत्तीस पॉइंट येतो, सातला किंचित कमी. उपशीर्षकं तीन मीटरवरून दिसावीत, म्हणजे माणसाला उभं राहण्याआधी कुठे बघायचं ते कळतं. त्यांना छप्पन्न ते साठ. आणि शीर्षक पाच मीटरवरून, म्हणजे समोरच्या चहाच्या टेबलावरून वाचता यावं. त्याला शहाण्णव. झालं. एवढे तीनच आकडे आहेत.

पण हे ऐकून भाच्याचे सर माझ्याशी वाद घालायला तयार. फोनवर म्हणाले, "काका, चोवीस पॉइंट सगळीकडे चालतो. ज्याला खरंच रस आहे, तो जवळ येऊन वाचतो." माणूस विद्वान आहे आणि माझ्या भाच्यावर त्याचा जीव आहे, म्हणून त्याच्या म्हणण्याचा मी नीट विचार केला. चोवीस पॉइंट एरियल म्हणजे 4.4 मिलिमीटर. दोन मीटरवर हे डॉक्टरांच्या तक्त्यातल्या सहा-नऊच्या ओळीएवढं पडतं. शेवटून दुसरी ओळ. वाचता येते, नाही असं नाही. पण ती ओळ कोणी हौसेने वाचत नाही. आरामात वाचायला सव्वा मीटरवर यावं लागतं. सोळा पॉइंट टाइम्सला तर सत्तर सेंटिमीटरवर.

आता "जवळ येतो" म्हणजे काय होतं ते मी दीड तास खुर्चीवर बसून पाहिलं आहे. पोस्टर 84 सेंटिमीटर रुंद. मध्यम बांध्याच्या प्राध्यापकाचे खांदे पंचेचाळीस सेंटिमीटरचे. सत्तर सेंटिमीटरवर असा एक प्राध्यापक उभा राहिला की अर्धं पोस्टर गेलं. दोन उभे राहिले की पोस्टर संपलं. तिसऱ्याने काय त्यांच्या पाठी वाचायच्या? दोन मीटरवर मात्र पाच-सहा जणांचं छान अर्धवर्तुळ बसतं, मध्ये भाच्याला हातवारे करायलाही जागा राहते. शिवाय कागद जवळजवळ सव्वा मीटर उंच. जवळ उभं राहिलं की खालचा निष्कर्ष गुडघ्याच्या जरा वर येतो. तो वाचायला ओणवं व्हावं लागतं, आणि पन्नाशीनंतर माणूस फक्त पडलेलं नाणं उचलायला ओणवा होतो. तेही पाच रुपयांच्या वरचं असेल तर.

आणि चष्मा! तरुण मंडळींना हे कळणं शक्य नाही, पण सांगतो. ज्यांचं मत आपल्याला हवं असतं ती माणसं चाळिशी कधीच ओलांडून गेलेली असतात. त्यांच्या नाकावर दुहेरी भिंगाचा चष्मा असतो. खालचं भिंग पुस्तकासाठी, साधारण चाळीस सेंटिमीटरवरचं. वरचं भिंग लांबचं बघायला. सत्तर सेंटिमीटर हे अंतर या दोहोंच्या मधल्या खड्ड्यात पडतं. खालून बघावं तर अंधुक, वरून बघावं तर अंधुक. ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ चष्मा वरखाली का करत होते, हनुवटी का उचलत होते, ते मला आता उमगलं. त्यांना रस नव्हता असं नाही. त्यांना जागाच नव्हती! दोन मीटरवरून त्यांचं वरचं भिंग सुखाने वाचू शकलं असतं. सर, जवळ येण्याचा उपदेश तुम्ही नेमका त्या माणसाला करताय ज्याला जवळ आल्यावर दिसत नाही.

यावर सर थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "पण मग मजकूर मावणार कसा?"

हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर असं, की मावणार नाही. अक्षर दुप्पट केलं तर ते दोन पट रुंद होतं आणि दोन पट उंचही होतं. जागा चौपट लागते. छत्तीस पॉइंट एरियलचा एक सर्वसाधारण इंग्रजी शब्द, ओळींमधली फट धरून, सुमारे पावणेसहा चौरस सेंटिमीटर जागा खातो. भाच्याचे एकवीसशे शब्द या मापात लावले तर एक पूर्णांक दोन दशांश चौरस मीटर लागतात. अख्खा कागद एक चौरस मीटरचा! म्हणजे शीर्षक नको, आकृत्या नकोत, भाच्याचं नावही नको, तरी मजकूर फळ्याच्या बाहेर वीतभर लोंबणार. समास, शीर्षक, रकान्यांमधल्या फटी आणि आकृत्या यांना जागा देऊन मजकुरासाठी पाव कागद उरतो. त्यात चारशे-सव्वाचारशे शब्द बसतात. एकवीसशेचे चारशे! म्हणजे पाचातले चार शब्द मारायचे.

इथे माणसाची खरी परीक्षा असते. कारण पोरं शब्द मारत नाहीत, अक्षर मारतात. संगणकात ते फार सोपं आहे. छत्तीसमध्ये मावेना? चौतीस कर. मावेना? अठ्ठावीस. एकेक पायरी उतरत माणूस सोळावर येतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याला वाटतं की आपण काहीच गमावलं नाही. शब्द कापताना मात्र बोट कापल्यासारखं दुखतं. मी त्याच्यासमोर तांबडं पेन घेऊन बसलो. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या काना-मात्रा दुरुस्त केल्या, पण वाक्यं मारायचा अधिकार कधी मिळाला नव्हता. त्यामुळे मी जरा हात साफ करून घेतला हे खरं. पहिल्यांदा सारांश गेला, कारण अख्खं पोस्टर हाच सारांश असतो. मग भात हे जगातलं महत्त्वाचं पीक असल्याची बातमी गेली. मग कुंड्या कशा भरल्या त्याचं वर्णन गेलं. त्याऐवजी कुंड्यांचा एक फोटो आला. ज्या आकड्यांचा आलेख होता त्यांचाच तक्ताही होता, तो गेला. संदर्भ आणि आभार राहिले, पण चोवीस पॉइंटमध्ये तळाशी. ते वाचणारा माणूस आपलं नाव शोधायला जवळ येतोच, त्याला कोणी अडवू शकत नाही.

शीर्षकाचं असं, की शहाण्णव पॉइंटमध्ये एका ओळीत साधारण पंचेचाळीस इंग्रजी अक्षरं बसतात. दोन ओळी म्हणजे नव्वद. सत्तावीस शब्द त्यात जाणार नाहीत, आणि सगळी मोठ्या लिपीतली अक्षरं वापरली तर ती आणखी रुंद, म्हणून आणखी कमी. मी भाच्याला विचारलं, "तीन वर्षांत तुला काय कळलं ते मामीला सांग." तो म्हणाला, "मामी, खारं पाणी पहिल्या तीन आठवड्यांत आलं तर रोप मरतं. नंतर आलं तर तग धरतं." मामी म्हणाली, "मग हेच लिही की!" 2019 साली माइक मॉरिसन नावाच्या एका अमेरिकन संशोधकाने हाच धोशा लावून पोस्टरची एक नवी मांडणी सुचवली: मुख्य निष्कर्ष साध्या वाक्यात, मधोमध, प्रचंड अक्षरांत. त्याची ती सबंध मांडणी मला पटत नाही, बाकीचा मजकूर कडेला ढकलून पुन्हा बारीक होतो म्हणून. पण निष्कर्ष शीर्षकात आणावा हे मामीला आणि त्याला स्वतंत्रपणे सुचलं, याची नोंद व्हावी.

सगळं झाल्यावर एक चोर राहिला होता, तो आलेखात. मजकूर छत्तीसचा, पण आलेखाच्या अक्षांवरचे आकडे मुंगीएवढे. कारण आलेख मूळ बारा सेंटिमीटर रुंद केलेला, त्यात अक्षर दहा पॉइंटचं. पोस्टरवर तो वीस सेंटिमीटरपर्यंत ताणला, म्हणजे अक्षर झालं जेमतेम सतरा. चित्राबरोबर अक्षरही त्याच प्रमाणात वाढतं, हे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण चित्रातल्या अक्षराचा आकडा कुठे दिसत नाही. आम्ही तीन आलेखांपैकी एक ठेवला, मुळातच अक्षर बारा पॉइंटचं घेतलं आणि चित्र छत्तीस सेंटिमीटर केलं. तिप्पट. बारा त्रिक छत्तीस. पाढे पाठ असण्याचा फायदा.

आणखी एक खड्डा सांगतो, त्यात भाच्याचा मित्र पडला. पानाचं माप आधी खऱ्या आकाराचं, 84.1 बाय 118.9 सेंटिमीटर लावायचं असतं. या मित्राने पान निम्म्या मापाचं ठेवलं, माझा सल्ला ऐकून छत्तीस निवडलं, आणि दुकानदाराने छापताना सगळं दुप्पट केलं. बहात्तर पॉइंटचा मजकूर झाला. शंभरएक शब्दांत पोस्टर संपलं. तरी खरं सांगू? भाच्याच्या पहिल्या पोस्टरपेक्षा ते जास्त लोकांनी वाचलं असतं.

मग छापायला पैसे घालण्याआधी खात्री कशी करायची? इथे ते 'चौपट' कामाला येतं. पोस्टर साध्या ए-फोर कागदावर छापून घ्या. सगळं एक चतुर्थांश होतं. छत्तीसचं नऊ पॉइंट, शहाण्णवचं चोवीस. आता अंतरही एक चतुर्थांश करा. दोन मीटरच्या जागी अर्धा मीटर. एवढ्यावरून कागद सहज वाचता आला तर पोस्टर दोन मीटरवरून वाचता येईल. शीर्षकासाठी सव्वा मीटर. घरचं छपाई यंत्र कडेला समास सोडतं त्यामुळे अक्षर आणखी किंचित लहान येतं, पण ती चूक आपल्या फायद्याची. परीक्षा थोडी कडक होते, इतकंच. परीक्षक मात्र स्वतः होऊ नये. ज्याने लिहिलं त्याला ते पाठ असतं, तो डोळे मिटूनही वाचतो. आमच्याकडे परीक्षक मामी. तिला जवळचा चष्मा लावायला सांगितला, ओट्यापासून अर्ध्या मीटरवर कागद धरला. पहिल्या पोस्टरचा कागद पाहून ती म्हणाली, "हे काय, औषधाच्या बाटलीवरचं आहे का?" दुसऱ्याचा पाहून म्हणाली, "अहो, म्हणजे बांध आधी दुरुस्त करायला हवा, जूनमध्येच!" तिने निष्कर्ष तर वाचलाच, पुढचा शेतकी सल्लाही देऊन टाकला.

मराठी पोस्टरवाल्यांनी यात खूश होऊ नये. आपल्या लिपीचं काम जास्त अवघड. वर वेलांटी, खाली उकार, यांना जागा सोडायची म्हणून मधलं अक्षर त्याच पॉइंटात आणखी आखडतं, आणि 'द्ध', 'द्व', 'क्ष्म' यांच्या पोटातली गुंतागुंत लांबून गोळा होऊन बसते. म्हणून पॉइंट विसरून जा. 'म' हे अक्षर शिरोरेघेपासून पायापर्यंत मोजा. सात मिलिमीटरच्या खाली नको, जोडाक्षरं फार असतील तर आठ घ्या. आणि ओळींमध्ये अंतर जरा ऐसपैस सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

चार महिन्यांनी दुसरी परिषद झाली. मी नळकांडं घेऊन गेलो होतोच. या वेळी खुर्ची टाकायला जागा मिळाली नाही, कारण पोस्टरसमोर माणसं उभी होती. दोन मीटरवर, अर्धवर्तुळात. एक फोटो चकचकीत कागदामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात पांढरा दिसत होता. एवढी एक चूक राहिली. ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले. लांबूनच थांबले. चष्म्याला हात लावला नाही. शीर्षक वाचलं, आलेख पाहिला, आणि भाच्याला म्हणाले, "तीन आठवडे नाही हो पटत मला. तुमच्या कुंड्यांत निचरा कसा होता?" कुंड्यांचं वर्णन तर मीच मारलं होतं! मला घाम फुटला. पण भाचा सांगू लागला. तोंडाने. कारण तो शेजारीच उभा होता. पोस्टरशेजारी माणूस उभा करतात तो ह्यासाठीच, हे त्याच्या सरांच्याही लक्षात आलं असावं, ते मागून माझ्या कानात म्हणाले, "काका, जरा सरका, मलाही दिसू द्या."

पाऊण तास ते दोघे भांडत होते. त्या गृहस्थांच्या म्हणण्यात तथ्य होतं, भाच्याला एक हंगाम पुन्हा चिखलात उभं राहावं लागणार आहे. पण त्या रात्री तो पोटभर जेवला. अळूच होतं.